नियमाचा दर्जा, तक्रारीचा हक्क, न्यायालयाचा अधिकार

‘जस कोजेन्स नियमाचा भंग झाला, तर जगातले कोणतेही राष्ट्र दोषी राष्ट्राला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचू शकते.’ हे विधान बरोबर की चूक? कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे ते ठेवले की बरेच जण ‘बरोबर’ म्हणतात. त्यांचा अभ्यास कमी पडलेला असतो असे नाही. जस कोजेन्सची व्याख्या त्यांनी वाचलेली असते, एर्गा ओम्नेस बंधनांची तर पाठ असते. विधानातला प्रत्येक शब्द ओळखीचा असतो आणि म्हणूनच ते खरे वाटते. प्रत्यक्षात त्या एका वाक्यात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. नियमाचा दर्जा काय? तो मोडला तर तक्रार करण्याचा हक्क कुणाला? आणि ती तक्रार ऐकण्याचा अधिकार न्यायालयाला आहे का? पहिल्या दोहोंपुरते विधान ठीक आहे. तिसऱ्यापाशी ते कोसळते, आणि एका ठिकाणी कोसळलेले विधान परीक्षेत पूर्ण चूकच असते.

नेट-सेटच्या विधी विषयात आणि एलएलएमच्या प्रवेश परीक्षांत आंतरराष्ट्रीय कायद्यावरचे प्रश्न बऱ्याचदा अशा विधानांतून येतात. कधी दोन विधाने देऊन कोणते बरोबर ते विचारतात, कधी ‘विधान आणि कारण’ अशी जोडी देतात. या प्रश्नसंग्रहातले प्रश्न त्याच घाटाचे आहेत. मात्र त्यांची मांडणी निकालांच्या सनावळीने किंवा कलमांच्या क्रमाने न करता वरच्या तीन प्रश्नांच्या क्रमाने केली आहे. असे का केले, ते या प्रस्तावनेत थोडे सविस्तर सांगतो.

आधी नियमाचा दर्जा. दोन राष्ट्रांनी आपसात करार केला की सामान्यतः तो त्यांच्यापुरता कायदा होतो. रूढीने चालत आलेला नियमही ते आपल्यापुरता बाजूला ठेवू शकतात. मात्र काही नियम असे आहेत की त्यांना बाजूला ठेवण्याची मुभा कुणालाच नाही. वंशसंहार करण्याचा किंवा गुलामांचा व्यापार करण्याचा करार दोन सरकारांनी कितीही राजीखुशीने केला, तरी तो करार होतच नाही. १९६९च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ५३ मध्ये हे सांगितले आहे. जस कोजेन्स म्हणजे राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय समुदायाने एकंदरीत स्वीकारलेला आणि मान्य केलेला असा नियम, ज्यातून सूट घेता येत नाही आणि जो फक्त त्याच दर्जाच्या नंतरच्या सर्वसाधारण नियमाने बदलता येतो.

या व्याख्येतला प्रत्येक तुकडा प्रश्नकर्त्यांनी वापरून झालेला आहे. ‘जस कोजेन्स नियम कधीही बदलता येत नाही’ हे विधान चूक, कारण बदलाची वाट कलमानेच सांगितली आहे. ‘त्यासाठी सर्व राष्ट्रांची संमती लागते’ हेही चूक. ‘एकंदरीत’ याचा अर्थ प्रत्येकाची सही असा होत नाही. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०२२ मध्ये या विषयावर निष्कर्षांचा मसुदा पूर्ण केला, त्यात राष्ट्रांच्या फार मोठ्या आणि प्रातिनिधिक बहुसंख्येची मान्यता पुरेशी मानली आहे. एखादे राष्ट्र नियम घडत असल्यापासून सतत विरोध करत आले, तर साध्या रूढीच्या बाबतीत त्याला त्या नियमातून वगळले जाऊ शकते. जस कोजेन्सच्या बाबतीत ही पळवाट चालत नाही. ‘कलम ५३ मध्ये जस कोजेन्स नियमांची यादी दिली आहे’ हे विधान तर हमखास फसवते. कलमात एकही उदाहरण नाही, आणि ते राहून गेले असेही नाही. मसुदा करणाऱ्यांपुढे उदाहरणे होती. ती दिली तर न दिलेल्या नियमांविषयी गैरसमज होईल, म्हणून त्यांनी ती जाणून टाळली. आक्रमण, वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, वांशिक भेदभाव, गुलामगिरी, छळ यांवरची बंदी, युद्धकाळातल्या मानवतावादी कायद्याचे मूलभूत नियम आणि लोकसमूहांचा स्वयंनिर्णयाचा हक्क, ही आज सर्वत्र दिली जाणारी यादी विधी आयोगाच्या त्या २०२२च्या निष्कर्षांच्या परिशिष्टातली आहे. तीही परिपूर्ण असल्याचा आयोगाचा दावा नाही.

कलम ५३ शेजारी कलम ६४ ठेवले की काळाचा मुद्दा येतो. करार झाला त्याच वेळी तो एखाद्या जस कोजेन्स नियमाच्या विरुद्ध असेल, तर कलम ५३ प्रमाणे तो मुळातच निरर्थक ठरतो. करार झाला तेव्हा असा नियम नव्हता, तो नंतर उदयाला आला, तर कलम ६४ प्रमाणे करार तेव्हापासून निरर्थक होऊन संपुष्टात येतो. परिणाम वेगळे आहेत आणि ते कलम ७१ मध्ये सांगितले आहेत. पहिल्या प्रकारात करारावर विसंबून केलेल्या कृतींचे परिणाम शक्य तेवढे पुसून काढावे लागतात. दुसऱ्यात करार संपण्यापूर्वी निर्माण झालेले हक्क आपोआप बुडत नाहीत; मात्र ते पुढे चालू ठेवणे नव्या नियमाच्या विरुद्ध जात नसेल, तेवढ्यापुरतेच ते टिकतात. प्रश्नात ‘सुरुवातीपासून’ आणि ‘तेव्हापासून’ या दोन शब्दांची अदलाबदल करून ठेवलेली असते, आणि घाईत वाचणाऱ्याच्या ती लक्षात येत नाही.

आता भारतीय विद्यार्थ्याला हटकून पडणारा प्रश्न. भारत व्हिएन्ना कराराचा पक्षकार नाही. मग ‘जस कोजेन्स भारतावर बंधनकारक नाही’ हे विधान बरोबर धरायचे का? नाही. जस कोजेन्स नियम सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्याचे असतात. त्यांचे बंधन कलम ५३ वरच्या सहीतून येत नाही. पण याच करारातले कलम ६६ पाहा. कलम ५३ किंवा ६४ वरून वाद झाला आणि बारा महिन्यांत तो सुटला नाही, तर कोणताही पक्ष तो आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे नेऊ शकतो, अशी त्यात सोय आहे. ही सोय करारानेच निर्माण केलेली असल्याने ती भारताला लागू होत नाही. एकाच करारातला नियम लागू आणि त्याच करारातली दाद मागण्याची वाट मात्र बंद, हे ज्याला उमगले त्याला पुढचे सगळे सोपे जाते.

दुसरा प्रश्न तक्रारीच्या हक्काचा, आणि एर्गा ओम्नेस बंधनांचे मूळ ठिकाण तेच. ही कल्पना न्यायालयाच्या ५ फेब्रुवारी १९७०च्या बार्सिलोना ट्रॅक्शन निकालातून रूढ झाली. खटल्याचे तपशील माहीत नसतील तर त्यावरचे प्रश्न चुकतात. बार्सिलोना ट्रॅक्शन ही १९११ मध्ये कॅनडातल्या टोरांटोला नोंदलेली कंपनी स्पेनच्या कॅटलोनिया भागात वीजपुरवठा करत होती. १९४८ मध्ये स्पेनमधल्या रेउस गावच्या न्यायालयाने तिला दिवाळखोर ठरवले. कंपनीचे बहुतेक भाग बेल्जियन लोकांच्या हातात असल्याचे सांगून बेल्जियमने स्पेनविरुद्ध दावा केला. न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मताने तो फेटाळला. नुकसान कंपनीचे, कंपनी कॅनडाची. तेव्हा तिच्या वतीने बोलायचे तर कॅनडाने, भागधारकांच्या देशाने नव्हे, असे त्याचे कारण होते.

याच विवेचनात, निकालपत्राच्या परिच्छेद ३३ मध्ये, न्यायालयाने एक भेद केला. काही बंधने एका राष्ट्राची दुसऱ्या राष्ट्राप्रति असतात आणि काही संपूर्ण आंतरराष्ट्रीय समुदायाप्रति असतात. दुसऱ्या प्रकारच्या बंधनांच्या रक्षणात सर्व राष्ट्रांना कायदेशीर हितसंबंध असतो. परिच्छेद ३४ मध्ये त्याची उदाहरणे आली: आक्रमण व वंशसंहार यांची बेकायदेशीरता, आणि माणसाच्या मूलभूत हक्कांविषयीचे नियम, त्यात गुलामगिरी आणि वांशिक भेदभाव यांपासून संरक्षण.

आता ही जोडी पाहा. विधान: ‘बार्सिलोना ट्रॅक्शन खटल्यात न्यायालयाने एर्गा ओम्नेस बंधनांची कल्पना मांडली.’ कारण: ‘स्पेनचे बंधन एर्गा ओम्नेस असल्याने बेल्जियमला दावा करण्याचा हक्क होता.’ विधान बरोबर, कारण चूक. परदेशी गुंतवणुकीला संरक्षण देण्याचे बंधन एर्गा ओम्नेस नाही, हे दाखवण्यासाठीच न्यायालयाने तो भेद केला होता. ज्या परिच्छेदांमुळे हा निकाल अजरामर झाला, त्यांच्या आधारावर निकाल लागलेलाच नाही. तरीही ते परिच्छेद महत्त्वाचे ठरले, कारण त्याआधी चारच वर्षांपूर्वी, १९६६ मध्ये, याच न्यायालयाने इथिओपिया आणि लायबेरिया यांचा दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा दावा ‘तुमचा यात कायदेशीर हितसंबंध नाही’ असे म्हणून फेटाळला होता. आजच्या नामिबियावर लादलेल्या वर्णभेदाविरुद्धचा तो दावा होता. मते सात-सात अशी समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर तो गेला. १९७०चे ते शब्द त्या निकालाची अंशतः भरपाई म्हणून वाचले जातात, आणि माझ्या मते ते वाचन योग्य आहे.

जस कोजेन्स आणि एर्गा ओम्नेस यांचे नाते काय, हा प्रश्न इथे येतो. विधी आयोगाच्या मते जस कोजेन्स नियमांतून एर्गा ओम्नेस बंधने निर्माण होतात. याचे उलट मात्र खरे नाही. खुल्या समुद्राचे आणि कोणत्याही राष्ट्राच्या ताब्यात नसलेल्या समुद्रतळाचे पर्यावरण जपण्याचे बंधन एर्गा ओम्नेस स्वरूपाचे असल्याचे सागरी कायद्याच्या न्यायाधिकरणाच्या समुद्रतळ कक्षाने २०११ मध्ये म्हटले. पण ते जस कोजेन्स आहे असे कुणी मान्य केलेले नाही. ‘सर्व एर्गा ओम्नेस बंधने जस कोजेन्स असतात’ हे विधान म्हणून चूक. एक गोष्ट नियमाच्या वजनाची आहे, दुसरी ते बंधन कुणाप्रति आहे याची.

हे सगळे एका खटल्यात एकत्र पाहायचे असेल, तर २० जुलै २०१२चा बेल्जियम विरुद्ध सेनेगल हा निकाल घ्यावा. माझ्या दृष्टीने या विषयावरचा तो सर्वांत शिकवणारा निकाल आहे. हिसेन हाब्रे १९८२ ते १९९० चाडचा सत्ताधीश होता. त्याच्या राजवटीवर छळ आणि हत्यांचे अतिशय गंभीर आरोप होते. सत्ता गेल्यावर त्याने सेनेगलची राजधानी डाकारमध्ये आश्रय घेतला. बळी पडलेल्यांपैकी काहींनी बेल्जियममध्ये तक्रारी केल्या. त्यात चाडी मूळ असलेला एक बेल्जियन नागरिक होता. २००५ मध्ये बेल्जियमने हाब्रेच्या नावे आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट काढून सेनेगलकडे त्याची मागणी केली. सेनेगल त्याला देईना आणि स्वतः खटलाही चालवीना. छळविरोधी कराराप्रमाणे यांपैकी एक करणे भाग होते. २००९ मध्ये बेल्जियम हेगला गेले.

पहिली पायरी हक्काची. सेनेगलचा आक्षेप सरळ होता. ज्या काळातल्या छळाबद्दल बोलणे चालले आहे, त्या वेळी तक्रारदारांपैकी एकही जण बेल्जियन नव्हता. मग बेल्जियमचा संबंध काय? न्यायालयाने बेल्जियमचा काही खास संबंध आहे का, हे पाहण्याचीसुद्धा गरज मानली नाही. छळ रोखणे आणि छळणाऱ्यांना मोकळे न सोडणे यात कराराच्या सर्व पक्षकारांचे समान हित आहे, म्हणून प्रत्येक पक्षकार इतर प्रत्येक पक्षकाराकडून बंधनपालनाची मागणी करू शकतो. यालाच एर्गा ओम्नेस पार्टेस म्हणतात. ही बंधने साऱ्या जगाला नव्हे, तर त्या कराराच्या सर्व सभासदांना देय असतात. ‘पार्टेस’ हा शब्द प्रश्नातून गुपचूप गाळला की विधानाचा अर्थ पालटतो.

दुसरी पायरी दर्जाची. परिच्छेद ९९ मध्ये न्यायालयाने स्पष्ट म्हटले की छळावरची बंदी रूढीजन्य कायद्याचा भाग आहे आणि ती जस कोजेन्स झाली आहे. इथवर वाचून विद्यार्थी थांबतो, आणि चूक तिथेच होते. लगेच पुढच्या परिच्छेदात न्यायालय म्हणते की खटला चालवण्याचे करारातले बंधन मात्र करार त्या राष्ट्राला लागू झाल्यानंतरच्या कृत्यांपुरतेच आहे. सेनेगलला तो २६ जून १९८७ पासून लागू होता. म्हणजे हाब्रेच्या राजवटीतल्या पहिल्या पाच वर्षांतल्या छळाबद्दल खटला चालवायला कराराने सेनेगल बांधील नव्हते, जरी चालवायला त्याला मनाईही नव्हती. छळावरची बंदी जस कोजेन्स आहे. पण छळणाऱ्यावर खटला चालवण्याचे कराराचे बंधन त्यामुळे मागे सरकत नाही. ‘छळबंदी जस कोजेन्स असल्याने छळविरोधी करारातले खटला चालवण्याचे बंधन पूर्वलक्षी ठरते’ हे विधान या संग्रहात आहे आणि ते चूक आहे.

तिसरी पायरी अधिकाराची. मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार यांबद्दल रूढीजन्य कायद्याखालीही सेनेगल दोषी आहे, असे बेल्जियमचे म्हणणे होते. दावा दाखल झाला तेव्हा या मुद्द्यावर दोन्ही देशांत वादच उभा राहिलेला नव्हता, म्हणून त्यावर आपल्याला अधिकार नाही असे न्यायालयाने ठरवले. तरी करारापुरता निकाल बेल्जियमच्या बाजूने लागला आणि हाब्रेला देणार नसाल तर विनाविलंब खटला चालवा, हा आदेश एकमताने झाला. पुढे डाकारमध्येच आफ्रिकी संघाच्या सहकार्याने खास न्यायपीठ बसले आणि ३० मे २०१६ रोजी हाब्रेला जन्मठेप झाली.

आता सुरुवातीच्या विधानाकडे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार संमतीवर उभा आहे. ती संमती करारातल्या कलमातून मिळते, सक्तीच्या अधिकारक्षेत्राच्या घोषणेतून मिळते किंवा त्या खटल्यापुरत्या कबुलीतून मिळते. नियम कितीही वजनदार असला तरी ती त्यातून आपोआप मिळत नाही. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया यांनी तिमोरच्या समुद्रातल्या तेलाविषयी करार केला. पूर्व तिमोरवर तेव्हा इंडोनेशियाचा लष्करी कब्जा होता. जुना प्रशासक देश म्हणून पोर्तुगालने ऑस्ट्रेलियाविरुद्ध दावा केला. ३० जून १९९५च्या निकालात न्यायालयाने स्वयंनिर्णयाच्या हक्काचे एर्गा ओम्नेस स्वरूप निर्विवाद मानले. तरीही दावा फेटाळला, कारण ऑस्ट्रेलियाला दोषी ठरवायचे तर आधी इंडोनेशियाच्या वर्तनावर निर्णय द्यावा लागणार होता, आणि इंडोनेशियाने न्यायालयाचा अधिकार मान्य केलेला नव्हता. नियमाचे एर्गा ओम्नेस स्वरूप आणि अधिकाराला लागणारी संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे परिच्छेद २९ मधले म्हणणे या विषयाचा कणा आहे.

२००६ मध्ये काँगो विरुद्ध रवांडा खटल्यात हाच विचार जस कोजेन्सच्या बाबतीत आला. वंशसंहारविरोधी कराराचे कलम ९ न्यायालयाला अधिकार देते, पण रवांडाने त्यावर आरक्षण ठेवले होते. वंशसंहारावरची बंदी निश्चितच जस कोजेन्स आहे, परंतु तेवढ्याने अधिकार मिळत नाही, असे न्यायालयाने सांगितले. इथे भारताचा संबंध थेट येतो. १९५९ मध्ये या कराराला मान्यता देताना भारतानेही कलम ९ बाबत अट घातली की वाद न्यायालयाकडे जायचा तर प्रत्येक वेळी त्या वादातल्या सर्व पक्षांची संमती हवी. उलट म्यानमारचे कलम ९ वर आरक्षण नव्हते. म्हणून रोहिंग्यांवरच्या अत्याचारांबद्दल हजारो मैल दूरचे गाम्बिया २०१९ मध्ये दावा लावू शकले आणि २२ जुलै २०२२ रोजी त्याचा हक्क पंधरा विरुद्ध एक मताने मान्य झाला. शेजारच्या बांगलादेशाने कलम ९ वर आरक्षण ठेवलेले होते. त्यामुळेही गाम्बियाचा हक्क अडला नाही. वंशसंहार न करण्याचे आणि तो रोखण्याचे बंधन म्यानमारवर आहे तसेच भारतावरही आहे. हेगला नेण्याची वाट मात्र दोघांसाठी सारखी नाही. मला स्वतःला अशी आरक्षणे खटकतात, आणि ती मागे घेतली जावीत असे वाटते. पण उत्तर लिहिताना आपल्याला काय वाटते आणि कायदा काय आहे यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

शेवटी एक विनंती. पहिला प्रश्न सोडवण्याआधी बार्सिलोना ट्रॅक्शनचे परिच्छेद ३३ व ३४, पूर्व तिमोरचा २९, काँगो-रवांडाचा ६४ आणि बेल्जियम-सेनेगलचे ६८ ते ७० व ९९, १०० मूळ निकालपत्रांतून वाचा. सगळे मिळून काही पानांपेक्षा जास्त भरत नाहीत, आणि न्यायालयाच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य मिळतात. मग कोणतेही विधान आले की त्यातला दर्जा, हक्क आणि अधिकार वेगवेगळे अधोरेखित करा, आणि उत्तरसूची त्यानंतरच उघडा.